यादीतून बाहेर पडलेलं एक नाव

निकाल लागला त्या रात्री अकराच्या सुमारास धाकट्या भावाचा मेसेज आला. "ताई, फोटो निवडलाय. कॅप्शन तेवढी तू लिहून दे, सकाळी सगळ्या ग्रुपवर टाकायचीय." फोटो मागच्या दिवाळीतला, घराच्या पायरीवरचा, आई आणि अण्णा दोन बाजूंना. मी लिहायला घेतलं. "अनेक अपयशांनंतर, जिद्द आणि अथक परिश्रमांच्या जोरावर राज्य कर निरीक्षकपदी निवड" इथपर्यंत बोटं आपोआप गेली, कारण अशी वाक्यं पुण्याच्या पेठांत राहून अभ्यास करणाऱ्या आम्हा सगळ्यांना फ्लेक्सवर वाचून वाचून पाठ झालेली असतात. पुढे मात्र लिहवेना. लिहिलेलं काही खोटं नव्हतं. वर्षं गेली होती, कष्ट झाले होते, अपयशंही खरीच होती. पण काही आठवड्यांपूर्वी याच पदाची तात्पुरती निवड यादी लागली होती आणि तीत माझं नाव नव्हतं. आज ते होतं. मधल्या दिवसांत माझे गुण पाव गुणानंही वाढले नव्हते. पेपर तोच, उत्तरं तीच, गुणवत्ता यादीतला क्रमांकही तोच.

मधल्या दिवसांत कुणीतरी वरून उठून गेलं होतं.

ज्यांच्या घरात कुणी लोकसेवा आयोगाच्या या परीक्षा देत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तयारी करणारी मुलं एका परीक्षेवर कधीच थांबत नाहीत. राज्यसेवा, संयुक्त गट-ब, संयुक्त गट-क, शिवाय मध्येच निघणाऱ्या सरळसेवेच्या जाहिराती, सगळीकडे अर्ज जातात. अभ्यासाचा मोठा भाग सामाईक असतो, त्यामुळे ज्याचा अभ्यास एकदा पिकला त्याचं नाव दोन-तीन याद्यांत एकदमच झळकतं. नोकरी मात्र एकच करता येते. म्हणून आता आयोग आधी सर्वसाधारण गुणवत्ता यादी लावतो, मग पदाची तात्पुरती निवड यादी लावतो आणि तिच्यानंतर ठरावीक मुदतीसाठी संकेतस्थळावर भरतीप्रक्रियेतून बाहेर पडण्याचा पर्याय उघडतो. ज्याला ते पद नको त्यानं आपल्या खात्यात जाऊन तसं नोंदवायचं. मुदत संपली की रिकाम्या झालेल्या जागा खालच्या उमेदवारांकडे सरकतात आणि अंतिम शिफारस यादी लागते. आम्ही याला सरळ 'ऑप्टआउट' म्हणतो. कुणी करावंच अशी सक्ती नाही. दुसरीकडे वरचं पद मिळालेला माणूस गप्प बसला तरी त्याला कुणी विचारत नाही. त्याचं नाव यादीत राहतं, तो रुजू होत नाही आणि त्या जागेची वाट बघणाऱ्याची मधली वर्षं तशीच जातात.

तात्पुरती यादी लागली तेव्हा मी अभ्यासिकेतच होते. पीडीएफ उघडली, नावाची अक्षरं शोधखिडकीत टाकली आणि पडद्यावर काहीच रंगलं नाही. मग आडनाव आधी टाकून पाहिलं. मग बैठक क्रमांक. शेवटी एकेक पान बोटानं वर सरकवत वाचलं, कारण यंत्राला दिसलं नसेल पण डोळ्यांना दिसेल अशी एक वेडी आशा असतेच. माझ्या वर्गाचा कट-ऑफ माझ्यापेक्षा दीड गुणानं वर होता. पुढचे दिवस अभ्यासिकेत कसे गेले ते त्या उंबरठ्यावर अडकलेल्यालाच कळेल. एका मुलानं राज्यसेवेची यादी, सहायक कक्ष अधिकाऱ्यांची यादी आणि आमची यादी शेजारी शेजारी ठेवून सामाईक नावांचा तक्ता केला होता. तो तक्ता ग्रुपवर फिरत होता. कुणाकुणाचे नंबर शोधून फोन केले जात होते. जिन्यात उभं राहून एक जण बोलत होता, "दादा, तुमचं तिकडं झालंयच ना... नाही नाही, जबरदस्ती नाही, फक्त विचारतोय... हो, मुदत शुक्रवारपर्यंत आहे." बोलताना तो समोर कुणी नसतानाही मान खाली घालून होता. मी कुणालाच फोन केला नाही. धीर झाला नाही असं नाही. जी व्यक्ती इतकी वर्षं घासून दोन याद्यांत आली तिच्या निवांत चार दिवसांत आपला आवाज नको, एवढंच वाटलं. आता मात्र त्या व्यक्तीशी एकदा बोलता आलं असतं तर, असं सारखं वाटतं.

कारण ती कोण, हे मला सापडत नाही. निकालाच्या रात्री कॅप्शन बाजूला ठेवून मी दोन्ही याद्या समोरासमोर घेतल्या. तात्पुरत्या यादीत असलेली आणि अंतिम यादीत नसलेली बरीच नावं मिळाली. त्यातलं माझं कोणतं? वाटतं तेवढं सरळ नसतं ते. समजा, खुल्या वर्गातली एक जागा मोकळी झाली. ती गुणवत्तेनं पुढच्या उमेदवाराला जाते. तो उमेदवार मुळात राखीव प्रवर्गातला असून आधी राखीव जागेवर धरलेला असेल, तर आता तो खुल्या जागेवर सरकतो आणि त्याची राखीव जागा मोकळी होते. तिथं त्या प्रवर्गातला पुढचा येतो. महिलांच्या जागांचा, खेळाडूंच्या जागांचा हिशेब त्यात आणखी मिसळतो. म्हणजे एका टोकाला कुणीतरी एकानं पर्याय निवडला आणि ती जागा हातोहात सरकत, मधल्या दोघातिघांना त्यांच्या नकळत हलवत, माझ्यापर्यंत आली. मी त्या नावांवरून रात्री दोनपर्यंत नजर फिरवत होते. कुणी नांदेडकडचं असेल, कुणी कोकणातलं. यातल्या एकाचे आभार मानायचेत आणि कोणाचे ते कळत नाही, म्हणून मी सगळीच नावं वहीत उतरवून घेतली.

दीड गुण म्हणजे काय, हे मला आधीच्या एका प्रयत्नानं चांगलं शिकवलं होतं. मुख्य परीक्षेच्या एका पेपरात १०० प्रश्न, २०० गुण आणि वेळ एक तास. बरोबर उत्तराला दोन गुण, चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. पेपर झाल्यावर आयोग पहिली उत्तरतालिका लावतो, तिच्यावर पुराव्यानिशी हरकती घेता येतात, आणि तज्ज्ञांनी त्या तपासल्यावर अंतिम उत्तरतालिका येते. त्या वर्षी पहिल्या तालिकेत एका प्रश्नाचं उत्तर पर्याय दोन होतं. माझंही दोनच होतं. रूम पार्टनरनं तीन केलं होतं. अंतिम तालिकेत उत्तर तीन झालं. माझे मिळालेले दोन गुण गेले आणि वर अर्धा वजा झाला, म्हणजे अडीच गेले. तिचा कापलेला अर्धा परत आला आणि वर दोन मिळाले, म्हणजे अडीच वाढले. एका खोलीत, दोन कॉटच्या मधल्या चार फुटांत, एका प्रश्नानं पाच गुण इकडचे तिकडे केले. अंतिम उत्तर बरोबरच होतं. आम्ही दोघींनी मिळून राज्य मंडळाच्या पुस्तकात ते शोधलं, ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि काही न बोलता पुस्तक मिटलं. तिची पोस्ट निघाली. माझी राहिली.

त्या दिवसाबद्दल लोक विचारतात तेव्हा मला एकच एक भावना सांगता येत नाही. ती आनंदानं ओरडली तेव्हा मीही तिला मिठी मारून ओरडले आणि त्यात खोटं काही नव्हतं. दोन तासांनी तिच्या घरचे आले, खोलीत पेढ्याचा आणि नव्या साडीच्या कोऱ्या कापडाचा वास भरला, आणि मला तिथं उभं राहवेना. मी शास्त्री रोडवरून लकडी पुलापर्यंत चालत गेले आणि परत आले. महिन्याभरानं ती मुंबईला निघाली तेव्हा तिची ट्रंक मी आणि तिच्या वडिलांनी मिळून जिन्यावरून खाली आणली. रिक्षात बसताना ती म्हणाली, "मला जायला लाज वाटतीय गं." मी म्हटलं, "वेडी आहेस का तू." तिनं मागे ठेवलेल्या वह्या मी पुढची सगळी वर्षं वापरल्या. तिच्या अर्थशास्त्राच्या वहीत मार्जिनमध्ये हिरव्या शाईनं बारीक बारीक प्रश्न लिहिलेले होते, "हे का?", "आकडा जुना, नवीन पाहणी बघ." माझ्या डोक्यात अर्थशास्त्र आजही तिच्या हिरव्या शाईत आहे.

आणि एक दादा होता. आमच्या अभ्यासिकेत खिडकीजवळच्या टेबलावर बसणारा, सगळ्यांपेक्षा वयानं मोठा. खुल्या वर्गाची ३८ वर्षांची मर्यादा जवळ येत चाललेली, तरी दुसऱ्याची शंका सोडवायला कधी "नंतर" म्हणाला नाही. मी तो निकाल घेऊन परत अभ्यासाला बसले तेव्हा त्यानं मला एकच गोष्ट विचारली, "उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत आहे ना? घेऊन ये." आम्ही ती अंतिम तालिकेशी ताडून पाहिली. एका पेपरात ९४ प्रश्न सोडवलेले, त्यातले ६६ बरोबर, २८ चूक. म्हणजे १३२ वजा १४, हातात ११८. मला वाटलं, तो आता सगळे सांगतात तेच सांगेल, अंदाजानं उत्तरं देऊ नकोस. त्यानं तसं काही सांगितलं नाही. प्रश्नपत्रिका समोर धरून म्हणाला, "या २८ जणांची चौकशी करू. सगळे एका जातीचे नसतात."

मग त्यानं मला खुणा शिकवल्या. सरावाचा पेपर सोडवताना प्रत्येक प्रश्नासमोर खूण करायची. उत्तर पक्कं असेल तर टिंब. दोन पर्याय खात्रीनं उडवता आले आणि उरलेल्या दोनात अडकलो तर अर्धवर्तुळ. काहीच सुचलं नाही, नुसतं वाटलं म्हणून उत्तर दिलं तर फुली. काही आठवडे पेपर सोडवून प्रत्येक खुणेचा वेगळा हिशेब ठेवायचा. माझ्या अर्धवर्तुळांतली साधारण निम्मी बरोबर येत होती. म्हणजे दोन प्रश्नांत एक बरोबर, एक चूक: दोन गुण मिळाले, अर्धा गेला, दीड उरला. दर प्रश्नाला पाऊण गुण. "हे कधीही सोडायचे नाहीत," दादा म्हणाला, "भीतीनं सोडशील तर तू कमावलेलंच टाकून देशील." फुल्यांचं गणित निराळं होतं. कागदावर पाहिलं तर चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला तरी चारात एक बरोबर यायला हवं, आणि पाचात एक आलं तरी नफा-तोटा शून्य. म्हणजे फुलीनंसुद्धा नुकसान व्हायला नको. पण माझ्या त्या जुन्या पेपरात आठवून आठवून खुणा केल्या तेव्हा १२ फुल्या निघाल्या आणि त्यातली एकच बरोबर होती. दोन गुण मिळाले, साडेपाच गेले. दादानं कारण सांगितलं ते मी विसरणार नाही. आपण डोळे मिटून निवडतच नाही. आपल्याला ओळखीचा वाटणारा पर्याय निवडतो, आणि प्रश्न काढणाऱ्यानं चुकीच्या पर्यायांत नेमकं ओळखीचंच नाव, ओळखीचंच साल ठेवलेलं असतं. अर्धवट वाचलेल्या माणसाला तिकडे ओढायलाच ते असतं.

त्या १२ फुल्या नसत्या तर ६५ बरोबर, १७ चूक, १३० वजा साडेआठ, म्हणजे साडेएकशेएकवीस झाले असते. साडेतीन गुणांचा फरक, तेवढ्याच अभ्यासावर. शिवाय वेळ. तासाला १०० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. बारा फुल्यांनी सात मिनिटं खाल्ली होती, आणि ती सात मिनिटं 'खालीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत' अशा प्रश्नांना हवी होती, ज्यांत मी 'नाही' हा शब्द वाचायचा विसरत होते. तेव्हापासून मी फुलीचा प्रश्न दिसला की पेन उचलून पुढे जायला शिकले. सोपं नव्हतं ते. रिकामा गोल बघवत नाही. शेजारचं बाक भराभर गोल काळे करत असतं, पर्यवेक्षक "शेवटची दहा मिनिटं" म्हणतात आणि हात शिवशिवतो. पण दादाच्या वहीतला तो हिशेब डोळ्यांसमोर असे. या वेळच्या माझ्या पेपरात किती गोल रिकामे होते ते मला माहीत आहे, आणि त्यातल्या प्रत्येकावर त्याचा हात होता असं मी मानते.

दादाची वयोमर्यादा संपली. शेवटच्या परीक्षेनंतर त्यानं खिडकीजवळचं टेबल पुसलं, पुस्तकं वाटून टाकली आणि गावी जाऊन खतं-बियाण्यांचं दुकान सुरू केलं. माझ्या निकालाच्या दिवशी त्याला फोन केला तेव्हा मागे कुणीतरी युरियाचा भाव विचारत होतं. अभिनंदन करायच्याही आधी त्यानं विचारलं, "फुल्या किती झाल्या?" मी म्हटलं, "तीन." "तीन पण कशाला?" म्हणाला, आणि मग त्याचा आवाज भरून आला आणि तो "गिऱ्हाईक आहे, नंतर बोलू" म्हणाला. त्याच्याइतका अभ्यास मी आयुष्यात केलेला नाही. हे मी नम्रपणा म्हणून सांगत नाही, त्याच्या शेजारी बसून पाहिलंय म्हणून सांगते. त्याची पोस्ट निघाली नाही आणि माझी निघाली, याचं कारण जिद्द किंवा परिश्रम असं असूच शकत नाही. त्या शब्दांनी माझी कॅप्शन लिहायची म्हणजे त्याच्याकडे ते नव्हते असं लिहिण्यासारखं होतं. हात अडकला होता तो इथं.

बाकीचं ऋण तर पैशाचं आणि भाकरीचं आहे. सांगोल्याकडची आमची डाळिंबाची बाग आधी तेल्यानं गेली. फळावर तेलकट काळे डाग पडतात, मग फळ तडकतं आणि व्यापारी क्रेट बघूनच मागे फिरतो. उरलेली झाडं मर रोगानं आणि खोडकिड्यानं संपवली. अण्णांनी बाग उपटून टाकली त्या वर्षी मी म्हटलं होतं की परत येते, तालुक्याला कुठंतरी शिकवीन. ते म्हणाले, "बाग मी उपटली, तू नको उपटू." मेसच्या काकूंकडे माझ्या नावाचं पान होतं. डबा लावणाऱ्या बाकीच्या मुलींचा हिशेब निळ्या पेननं असायचा, माझा पेन्सिलनं. मला बरेच दिवस वाटायचं की योगायोग असेल. एकदा वही उघडी होती तेव्हा दिसलं, दोन महिन्यांची बाकी खोडरबरानं पुसून तिथं कमी आकडा लिहिला होता. विचारलं तर काकू म्हणाल्या, "तू त्या दिवसांत नीट जेवली नाहीस, मी बघत होते. न खाल्लेल्याचे पैसे मी घेत नाही." निकालानंतर मी पेढे घेऊन गेले आणि राहिलेली बाकी पुढे केली. त्यांनी पेढे घेतले, पैशांना हात लावला नाही. बराच वेळ हुज्जत घालून शेवटी एवढंच ठरलं की एका नव्या मुलीचा डबा त्या पैशांत चालू राहील आणि तिला हे कळणार नाही.

पहाटे मी भावाला कॅप्शन पाठवली ती अशी:

"राज्य कर निरीक्षक म्हणून माझी शिफारस झाली आहे. आधीच्या वर्षांत थोडक्यात राहिले, या वर्षी थोडक्यात आले. माझ्या वर असलेल्या कुणीतरी हे पद सोडलं म्हणून माझं नाव यादीत आलं. तुम्ही कोण ते मला माहीत नाही, तुमची मी ऋणी आहे. जिच्या वह्या वापरल्या ती मैत्रीण, कोणते प्रश्न सोडायचे हे शिकवणारा दादा, पेन्सिलनं हिशेब लिहिणाऱ्या काकू, आणि बाग गेल्यावरही मला पुण्यात ठेवणारे आई-अण्णा, हे यश तुमचं आहे. माझ्या खाली एक-दोन गुणांनी राहिलेल्या प्रत्येकाला नमस्कार. तुमचा अभ्यास माझ्याइतकाच झालेला आहे, हे मी खात्रीनं सांगते."

भावाचा फोन आला. "ताई, एवढं मोठं? आणि कुणी सोडलं म्हणून आले, हे कशाला लिहायचं? लोक म्हणतील वशिल्यानं लागली." त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. गावाकडे यादी, ऑप्टआउट हे सगळं समजावत कोण बसणार. तरी मी म्हटलं, आहे तशीच टाक. त्यानं टाकली. त्याखाली अभिनंदनाचे शेकडो मेसेज आले. बहुतेकांनी वाचलीही नसेल, फोटोच पाहिला असेल, आणि तेही ठीकच आहे. पण दोन-तीन मेसेज वेगळे होते. एका मुलीनं लिहिलं होतं, "मी अर्ध्या गुणानं राहिले. आज पहिल्यांदा कुणाची पोस्ट वाचून वाईट वाटलं नाही." तिला काय लिहावं ते सुचेना. शेवटी तिला खुणांचा हिशेब पाठवला, टिंब, अर्धवर्तुळ, फुली. तिनं परत विचारलं, पेपर सोडवतानाच खुणा करायच्या की नंतर? मी म्हटलं, सोडवतानाच, नंतर आठवून केलेल्या खुणांत आपण स्वतःला झुकतं माप देतो.

यानंतर जे झालं त्यामुळे त्या अनोळखी माणसाचं ऋण मला पुरतं कळलं. त्याच सुमारास लिपिक-टंकलेखकाची तात्पुरती निवड यादी लागली. टंकलेखनाची चाचणी मी देऊन ठेवली होती, आणि या यादीत माझं नाव होतं, चांगलं वरच्या बाजूला. बाहेर पडण्याचा पर्याय उघडला. मला वाटलं होतं, यात विचार करण्यासारखं काय आहे, मिनिटाभराचं काम. लॉगिन केलं, पर्यायापाशी आले आणि तिथं बाहेर पडल्याची नोंद परत मागे घेता येणार नाही अशी सूचना वाचली. हात थांबला. राज्य कर निरीक्षकाची माझी फक्त शिफारस झाली होती. नियुक्तीचा आदेश यायचा होता. कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी सगळं पुढेच होतं. मधेच कुणी मॅटमध्ये, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात गेलं आणि यादीलाच स्थगिती आली तर? असं होतं, अभ्यासिकेतल्या प्रत्येकाला असं एखादं उदाहरण ठाऊक आहे. मग हातात काय राहील? लिपिकाचं पद असू दे की नावावर, काय बिघडतं, कुणाला कळणार आहे?

अण्णांना फोन केला. ते शेतकरी माणूस, त्यांनी आधी तेच सांगितलं जे मला वाटत होतं, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, बाई." मी म्हटलं, "अण्णा, माझ्यासाठी कुणीतरी हेच सोडलंय. त्यालाही त्याचा आदेश तेव्हा मिळाला नसणार." म्हणजे मी धरून बसले होते की तो किंवा ती वरच्या पदावर आरामात पोचून, नको असलेली गोष्ट सोडून गेली. तसं नव्हतं. त्या व्यक्तीनंही अशीच सूचना वाचली असेल, तिच्याही घरून असाच सल्ला आला असेल, आणि पुढचं काही पक्कं नसताना तिनं माझं नावही माहीत नसताना ते केलं. अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिपिकाच्या यादीत तुझ्याखाली किती पोरं आहेत?" मी म्हटलं, बरीच. "मग कर. पण शेवटच्या दिवसावर ठेवू नको, तेव्हा साइट चालत नाही."

मुदत संपायला अजून दोन दिवस होते. मी त्याच दुपारी बाहेर पडल्याची नोंद केली, तिची प्रत काढून घेतली आणि अण्णांना व्हॉट्सॲपवर पाठवली.